कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागप्रमुखांना खुले पत्र : दिवाळीचा फराळ ऑक्टोबरात ठरत नाही

माननीय मनुष्यबळ विभागप्रमुख,

सप्रेम नमस्कार.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका मोठ्या कंपनीकडून आम्हांला दिवाळीच्या भेटसंचांची चौकशी आली. संख्या ‘६०० ते १०००’, खोक्यावर सर्व बाजूंनी कंपनीची छपाई, प्रत्येक संचात कर्मचाऱ्याच्या नावाचे कार्ड, दर ऑनलाइन उलट्या लिलावाने ठरणार, पक्की ऑर्डर १२ ऑक्टोबरला, माल ३० ऑक्टोबरला गेटवर, उशीर झाल्यास दिवसाला दोन टक्के दंड आणि पैसे ९० दिवसांनी, अशा तिच्या अटी होत्या. आम्ही ही चौकशी नम्रपणे नाकारली. मात्र गेल्या काही वर्षांत पुणे, चाकण, हिंजवडी, खराडी अशा सगळ्या भागांतून थोड्याफार फरकाने याच अटी येत असल्याने एका कंपनीला नकार कळवून विषय संपत नाही, असे वाटले. म्हणून हे पत्र सर्वांसाठी उघडपणे लिहीत आहे. हे तक्रारपत्र आहे आणि प्रस्तावही आहे. दर, छपाईचे पर्याय आणि तारखा खाली दिल्या आहेत. त्या मान्य असतील तर आपल्याबरोबर काम करायला आम्हांला आनंदच आहे.

मी सिंहगड रस्त्याच्या परिसरात फराळाचे उत्पादन करते. आमच्याकडे काम करणाऱ्या बहुतेक बायका आसपासच्या वस्त्यांतील बचत गटांतून आलेल्या आहेत, आणि त्यांच्या घरच्या दिवाळीचा खर्च आमच्याकडच्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या मजुरीतून भागतो. त्यामुळे आपल्याकडून ऑर्डर केव्हा पक्की होते आणि पैसे केव्हा येतात, याचा परिणाम आपल्या कचेरीपुरता राहत नाही, एवढे सांगून मुद्द्यावर येते.

पहिला मुद्दा वेळेचा, कारण बाकीचे बहुतेक प्रश्न त्यातूनच निघतात. ‘सहाशे खोकी भरायला किती दिवस लागतात?’ असे आम्हांला विचारले जाते. खोकी भरायला दोन दिवस पुरतात. अडचण भरण्याची नाही, तळण्याच्या दिवसांची आहे. आमच्या दोन भट्ट्यांवर दिवसाला ६० किलो चकली निघते. ती अधिक निघावी म्हणून तेल जास्त तापवले तर चकली वरून लाल होते आणि आत कच्ची राहते. अशी चकली पहिल्या दिवशी कुरकुरीत लागली तरी चौथ्या दिवशी मऊ पडते. घाणा मोठा घातला तर तेलाचे तापमान उतरते, चकली तेल पिते आणि आठवड्यात तिला वास येऊ लागतो. म्हणजे ६० किलो ही आमच्या हौसेने ठरवलेली मर्यादा नाही, ती कढईची मर्यादा आहे.

आता या वर्षीची दिनदर्शिका पाहू. अधिक ज्येष्ठ आल्यामुळे २०२६ ची दिवाळी उशिरा आहे. लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला आहे. धनत्रयोदशी शुक्रवारी, ६ तारखेला. गावी जाणारी माणसे बुधवार-गुरुवारीच निघतात, त्यामुळे कचेरीत वाटप सोमवारी-मंगळवारी, २ आणि ३ नोव्हेंबरला व्हायला हवे, आणि त्यासाठी माल शुक्रवारी किंवा शनिवारी, ३० किंवा ३१ ऑक्टोबरला आपल्या गेटवर पोहोचायला हवा. चकली फार आधी तळून ठेवली तर भाऊबिजेपर्यंत ती टिकवण्यासाठी खाण्यापेक्षा पिशवीचीच काळजी जास्त घ्यावी लागते. म्हणून आम्ही १७ ऑक्टोबरच्या आधी कोणत्याही कंपनीची चकली तळत नाही. १७ ते २९ या तारखांमधून दसऱ्याची सुट्टी वजा केली तर तळणाचे बारा दिवस उरतात. बारा दिवसांत ७२० किलो चकली होते. संचात पाव किलो चकली धरली तर हंगामात आम्ही जास्तीत जास्त २८८० संच देऊ शकतो, त्याहून एकही नाही. हा हिशेब मुद्दाम मांडला, कारण १२ ऑक्टोबरला येणाऱ्या ऑर्डरला ‘बघू, करू’ म्हणणारा पुरवठादार एक तर चकली बाहेरून विकत घेणार आहे, किंवा आपल्याआधी शब्द दिलेल्या कुणाची तरी तळणाची पाळी मोडणार आहे.

खोक्याचे गणित याहूनही घट्ट आहे. छापील खोका हवा असेल तर मजकुराचे प्रूफ मंजूर झाल्यापासून छापखाना आणि खोकेवाला मिळून बारा ते पंधरा दिवस मागतात. यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आहे. त्या दिवसांत पुण्याच्या पेठांतील छापखान्यांत कामगार अर्धे असतात आणि टेम्पो तर संध्याकाळनंतर आत शिरूच शकत नाही. त्यानंतर १० ऑक्टोबरपर्यंत पितृपंधरवडा. त्या काळात अनेक कंपन्यांत दिवाळीच्या खरेदीवर सही होत नाही, हे मी वर्षानुवर्षे पाहते आहे. श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही. सही पितृपक्षाच्या आधी करता येते, एवढेच म्हणणे आहे. घटस्थापनेला सगळ्यांच्या सह्या एकदम होतात आणि सगळी प्रुफे एकाच आठवड्यात छापखान्यावर आदळतात. मग रंग उतरतो, चिकटवण ओली राहते, खोक्याचे झाकण वाकते आणि दोष फराळवाल्याच्या माथी येतो.

म्हणून आमच्या तारखा अशा आहेत. संख्या आणि पदार्थ ठरवून लेखी ऑर्डर व आगाऊ रक्कम ३१ ऑगस्टपर्यंत, प्रुफाची अंतिम मंजुरी १० सप्टेंबरपर्यंत, कर्मचाऱ्यांच्या नावांची यादी ३० सप्टेंबरपर्यंत. संख्येत दहा टक्के वाढ किंवा घट १० ऑक्टोबरपर्यंत त्याच दरात मान्य केली जाईल. त्यानंतर घट मान्य होणार नाही आणि वाढ शिल्लक क्षमता असेल तरच होईल.

संख्येच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्याकडून येणारी यादी बहुधा वेतनपटावरून काढलेली असते. हाऊसकीपिंग, सिक्युरिटी, कँटीन, बसचालक ही कंत्राटी माणसे त्या यादीत नसतात. वाटपाच्या दिवशी ती समोर उभी असतात तेव्हा कुणाच्या तरी लक्षात येते, आणि आम्हांला फोन येतो की ऐंशी संच संध्याकाळपर्यंत पाठवा, थोडे साधे असले तरी चालतील. त्या दिवशी आमच्याकडे चकली उरलेली नसते. मग त्या माणसांच्या हातात घाईघाईने आणलेला सोनपापडीचा डबा पडतो. संच कुणाला द्यायचा हा आपला निर्णय आहे, पण तो ऑगस्टमध्ये घ्यावा आणि या माणसांना धरून संख्या कळवावी. आमच्या दरपत्रकात ‘साधा संच’ असा वेगळा प्रकार नाही.

दुसरा मुद्दा आपल्या पसंतीनुसार करावयाच्या बदलांचा. येथे कोणता बदल स्वस्त पडतो आणि कोणता महाग, हे खरेदी विभागाला बहुधा सांगितलेच जात नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

खोक्यावर कंपनीची खूण हवी असेल तर सर्वांत शहाणा मार्ग म्हणजे आमच्या तयार रंगीत खोक्यावर छापील पट्टी चढवणे. पट्टी आठ दिवसांत होते, संचामागे १५ रुपये पडतात आणि ती कितीही थोड्या संख्येत छापता येते. सर्व बाजूंनी छापलेला स्वतंत्र खोका हवा असेल तर कापणीचा साचा आणि प्लेट नव्याने कराव्या लागतात. तो एकदाचा खर्च सहाशे संचांवर वाटला तर संचामागे २४ रुपये वाढतात, आणि दीडशे संचांवर वाटला तर ९६ रुपये वाढतात. वाढलेले हे पैसे कुणी खात नाही. पदार्थ मात्र त्याच बजेटमध्ये बसवायचे असल्याने लाडू आठाचे सहा होतात. खोका उघडल्यावर माणूस आधी काय मोजतो, हे आपणही जाणता.

खोक्याच्या आकाराचाही असाच हिशेब आहे. घरून काम करणाऱ्यांना संच कुरिअरने पाठवायचा असेल तर कुरिअर कंपनी खऱ्या वजनाबरोबर आकारमानाचे वजनही काढते, आणि दोहोंत जे जास्त असेल त्याचे पैसे घेते. साधारण पद्धत अशी की सेंटीमीटरमधील लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार करून त्याला ५००० ने भागायचे. आमचा खोका ३० बाय २४ बाय १० आहे, म्हणजे आकारमानाचे वजन १.४४ किलो, आणि भरलेल्या खोक्याचे खरे वजनही जवळपास तेवढेच. भव्य दिसावा म्हणून तोच माल ३८ बाय ३० बाय १२ च्या खोक्यात घातला तर हे वजन २.७४ किलोवर जाते आणि आकारणी तीन किलोची होते. आत फराळ तेवढाच राहतो. वर मोकळ्या जागेत तो हलतो आणि चकल्यांचे तुकडे होतात. कुरिअरने जाणाऱ्या संचात आम्ही करंजी देत नाही, तेही याच कारणाने. तिची पारीची कड वाटेतच सुटते आणि सारण बाहेर येते. अनारशाचे कारण निराळे आहे. तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवायचे, सावलीत सुकवायचे, दळून गूळ मिसळायचा आणि ते पीठ काही दिवस मुरू द्यायचे, इतका त्याचा व्याप असल्याने मोठ्या संख्येत एकसारखा अनारसा देण्याची हमी मी घेणार नाही. जाळी पडली नाही की तो अनारसा राहत नाही.

नावांच्या कार्डांना आमची ना नाही. संचामागे सहा रुपयांत ती होतात. मात्र यादी इंग्रजी अक्षरांत पाठवून कार्ड मराठीत मागितले की ‘काळे’ की ‘काले’, ‘माने’ की ‘मणे’ हे आम्ही ओळखायचे असते, आणि स्वतःचे नाव चुकीचे छापलेला संच कुणालाच आवडत नाही. कार्ड मराठीत हवे असेल तर यादीही देवनागरीत, एकाच फाइलमध्ये द्यावी. ‘अंतिम’, ‘अंतिम सुधारित’ आणि ‘खरोखर अंतिम’ अशा तीन फाइली पाठवू नयेत.

दोन गोष्टी मात्र आम्ही करणार नाही. आतल्या प्रत्येक पिशवीवर घटक, वजन, उत्पादनाची तारीख, किती दिवसांत खावे, शाकाहाराची हिरवी खूण, शेंगदाण्यासारख्या ॲलर्जीकारक घटकांची सूचना आणि आमचा अन्न परवाना क्रमांक असतो. ते लेबल झाकून त्यावर कंपनीची खूण चिकटवली जाणार नाही. तुमची खूण बाहेरच्या खोक्यावर हवी तेवढी मोठी घ्या. तसेच खजुराच्या लाडवाच्या पिशवीवर ‘मधुमेहींसाठी’ असे छापले जाणार नाही. त्यात साखर घातलेली नसते, पण खजुरात स्वतःची साखर असतेच.

तिसरा मुद्दा दराचा. आमच्या मूळ संचात २५० ग्रॅम चकली, २५० ग्रॅम पातळ पोह्यांचा चिवडा, २५० ग्रॅम शंकरपाळी, साजूक तुपातले ३०० ग्रॅमचे आठ बेसन लाडू आणि मातीच्या दोन पणत्या असतात. सहाशे संचांच्या ऑर्डरला एका संचाचा दर ६३० रुपये आहे. तो कसा बनतो ते उघड करते. चकलीचे १२० रुपये, चिवड्याचे ८५, शंकरपाळीचे ९०, लाडवांचे १८०, आतल्या पिशव्या आणि ट्रे यांचे ३५, खोक्याचे ६०, छापील पट्टीचे १५, पणत्यांचे १५, भरणीच्या मजुरीचे १५ आणि पुणे व पिंपरी-चिंचवडमध्ये तीन ठिकाणांपर्यंतच्या टेम्पोचे १५. पदार्थांच्या आकड्यांत आमची मजुरी, गॅस आणि नफा धरलेला आहे. २५० ते ५९९ संचांसाठी दर ६५० रुपये आणि १०० ते २४९ संचांसाठी ६८० रुपये राहील. संख्या वाढली की दर आणखी का उतरत नाही, असे नेहमी विचारले जाते. संख्येने खोका आणि टेम्पो स्वस्त होतो. तूप, बेसन आणि खोबरे होत नाही. गेल्या वर्षी सुक्या खोबऱ्याचा भाव कुठवर गेला होता, हे ज्यांच्या घरी चिवडा होतो त्यांना ठाऊक आहे.

या दरावर वस्तू व सेवा कर वेगळा लागेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून नमकीनवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि मिठाईवर तो ५ टक्के होताच, त्यामुळे आमच्या संचावर ५ टक्के, म्हणजे ३१.५० रुपये लागतात. एकूण ६६१.५० रुपये. येथे एक महाग पडणारी चूक खरेदी विभागाकडून वारंवार होते. समजा आपण या संचात ३५० रुपयांची, कंपनीची खूण असलेली पॉवर बँक घालायला सांगितली आणि सगळ्यांचा मिळून ९८० रुपये हा एकच दर मागितला. कायद्याच्या भाषेत तो मिश्र पुरवठा ठरतो आणि संपूर्ण रकमेवर त्यातील सर्वांत जास्त दराने, म्हणजे पॉवर बँकेच्या १८ टक्के दराने कर लागतो. तो १७६.४० रुपये होतो. फराळ आणि पॉवर बँक वेगवेगळ्या दराने, वेगवेगळ्या बिलावर घेतली तर कर ३१.५० अधिक ६३, असा ९४.५० रुपये होतो. संचामागे ८१.९० रुपयांचा फरक. सहाशे संचांवर तो ४९,१४० रुपये होतो. भेट म्हणून वाटलेल्या वस्तूंवर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे हा सगळा भार आपल्याच बजेटवर येतो. आपल्या कर सल्लागाराला एकदा विचारून घ्यावे आणि पॉवर बँक दुसऱ्या विक्रेत्याकडून थेट मागवावी. आमची त्याला काहीच हरकत नाही. खोक्यात तिच्यासाठी जागा ठेवून आम्ही ती भरूनही देऊ.

उलट्या लिलावाबद्दल माझे म्हणणे स्पष्ट आहे. स्क्रूचा आकार आणि पोलादाची प्रत ठरलेली असते, म्हणून त्याचा लिलाव होऊ शकतो. ‘फराळ संच, एक नग’ याचा होऊ शकत नाही. पडद्यावर आकडा पाच-पाच रुपयांनी खाली येत असताना विक्रेत्याच्या डोक्यात काय चाललेले असते ते सांगते. आधी लाडवांतले तूप अर्धे होऊन त्याची जागा वनस्पती घेते. मग तळणाचे तेल बदलायचे ते आणखी एक दिवस चालवले जाते. मग चिवड्यात काजू आणि खोबऱ्याचे काप कमी होऊन डाळे वाढतात. वजन तेच राहते आणि दिसायलाही संच तसाच दिसतो. वनस्पतीचा लाडू थंड हवेत पांढरट आणि टणक होतो, आणि खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर राहतो. फार वापरलेल्या तेलातली चकली नेहमीपेक्षा काळपट असते, पिशवी उघडताच कडवट वास येतो आणि दोन चकल्या खाल्ल्या की घसा खवखवतो. तळणाचे तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात तयार होणाऱ्या ध्रुवीय घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. कोणत्याही पुरवठादाराला, अर्थात आम्हांलाही, आपण याची नोंद मागू शकता.

दरांची तुलना जरूर करावी, पण प्रत्येक पदार्थाचे वजन, स्निग्धांश कोणता आणि खोका कोणता, हे समान ठेवून करावी. आणि नमुना मागवल्यावर तो त्याच दिवशी मीटिंगमध्ये फोडून संपवू नये. एक पिशवी तशीच बंद ठेवून पंधरा दिवसांनी उघडावी. चकली मोडताना आवाज येतो की ती वाकते, चिवड्यातला शेंगदाणा चघळल्यावर खवट लागतो का आणि खोबऱ्याच्या कापाला वास आहे का, एवढे पाहिले तरी पुरे. चिवड्यात आधी शेंगदाणा आणि खोबरेच बिघडते. कोमट असतानाच पिशवी बंद केलेली असेल तर पिशवीच्या आतल्या बाजूला वाफेचे धुके दिसते. असा माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

चौथा मुद्दा पैशांचा, आणि तो सांगताना मला संकोच वाटत नाही. आमचा उद्योग सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेला आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ च्या कलम १५ प्रमाणे लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि लेखी करार नसेल तर ती १५ दिवसांची आहे. त्यापुढे उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज लागू होते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी थकलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय कंपनीला ती खर्च म्हणून आयकरात वजा करता येत नाही. तरीही खरेदीच्या छापील अटींत ९० दिवस लिहिलेले असतात आणि त्यावर आम्ही सही करावी अशी अपेक्षा असते. कायद्याने जी अट टिकत नाही ती कागदावर तरी का ठेवावी? गेल्या दिवाळीला एका कंपनीला दिलेल्या मालाचे पैसे आम्हांला होळीच्या सुमारास मिळाले. व्याज मागितले असते तर पुढच्या वर्षी चौकशीसुद्धा आली नसती, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते.

आगाऊ रकमेचा आग्रहही याच्याशीच जोडलेला आहे. सहाशे संचांचे बिल करासह ३,९६,९०० रुपये होते. त्याच्या ४० टक्के, म्हणजे १,५८,७६० रुपये ऑर्डरबरोबर मिळाले तर आम्ही सप्टेंबरातच मार्केट यार्डातून हरभरा डाळ आणि भाजणीचे धान्य घेतो, तुपाचा भाव बांधतो आणि खोक्यांची किंमत भरतो. वर दिलेला दर त्यामुळेच दिवाळीपर्यंत स्थिर ठेवता येतो. आगाऊ रक्कम नसेल तर दर ऑक्टोबरच्या बाजारभावाने ठरेल, आणि तो आज सांगता येणार नाही.

शेवटची तक्रार माल पोहोचल्यानंतरची आहे. टेम्पो ठरलेल्या वेळी गेटवर येतो, पण गेटपास केलेला नसतो, माल उतरवून घेणारा माणूस जेवायला गेलेला असतो, आणि ऑक्टोबरच्या उन्हात पत्र्याच्या टेम्पोत लाडू तीन-चार तास उभे राहतात. त्यातून उतरले की संच तळघरात जनरेटरच्या खोलीशेजारी ठेवले जातात. दोन दिवसांनी लाडवांना तूप सुटलेले दिसते आणि आम्हांला ई-मेल येते. म्हणून माल घेताना आपल्या विभागाचा एक माणूस हजर असावा, त्याने कोणतेही पाच संच उघडून तपासावेत, जागेवरच पोच द्यावी आणि संच सावलीत, कोरड्या जागी ठेवून तीन दिवसांत वाटावेत. फुटलेला किंवा खराब निघालेला प्रत्येक संच आम्ही वाटपापूर्वी विनामूल्य बदलून देऊ. त्यासाठी प्रत्येक शंभरामागे दोन जादा संच आम्ही स्वतःच्या खर्चाने तयार ठेवतो. आमच्यामुळे उशीर झाला तर दंडाची अटही मान्य आहे, फक्त ती दोन्ही बाजूंना लागू असावी. प्रूफ मंजूर करायला आपल्याकडून जितके दिवस जास्त लागतील तितके दिवस पोहोचवण्याची तारीखही पुढे सरकेल.

तेव्हा आमच्या मागण्या अशा आहेत. कंत्राटी माणसे धरून पक्की संख्या आणि लेखी ऑर्डर ३१ ऑगस्टपर्यंत द्यावी. प्रूफ, यादी आणि बदल यांसाठी आपल्याकडून एकच अधिकृत व्यक्ती बोलावी. खरेदी, प्रशासन आणि ब्रँडिंग यांनी तीन वेगळ्या सूचना देऊ नयेत. फराळ उलट्या लिलावात घालू नये. ऑर्डरबरोबर ४० टक्के आगाऊ रक्कम आणि उरलेली रक्कम पोच मिळाल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत द्यावी. माल उतरवण्याची वेळ आणि जागा आदल्या दिवशी लेखी कळवावी.

हे पत्र लिहिताना आमच्या २८८० संचांपैकी जुन्या ग्राहकांचे सुमारे निम्मे नोंदले गेले आहेत. उरलेल्यांसाठी नोंदणी ज्या क्रमाने लेखी ऑर्डर आणि आगाऊ रक्कम येईल त्या क्रमाने होईल, कंपनीचा आकार पाहून होणार नाही. १ ऑगस्टपासून नमुना संच ४५० रुपयांत मिळेल, आणि ऑर्डर झाल्यास ती रक्कम बिलातून वजा केली जाईल. तळणीघर पाहायचे असल्यास आदल्या दिवशी कळवून कोणत्याही कामाच्या दिवशी सकाळी अकरापर्यंत यावे. त्यानंतर भट्ट्या पेटलेल्या असतात आणि कुणाला बोलायला सवड नसते.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक फराळ उत्पादक
सिंहगड रस्ता परिसर, पुणे
जुलै २०२६